मदत हवी आहे: मुलाला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं

मंडळी, आम्ही श्टुटगार्टला राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा. जन्मापासून मी त्याच्याशी मराठीत बोलते, नवरा जर्मनमध्ये. आम्ही दोघं एकमेकांशी जर्मनच बोलतो. दिवसभर पाळणाघर, तिथेही जर्मन. ऐकणं तपासून झालंय, जर्मन व्यवस्थित बोलतो, त्यामुळे उशिरा बोलण्याचा प्रश्न नाही.

"बूट आण" म्हटलं की आणतो, पण सोबत "वो ज़िंट डी शूहं?" हे असतंच. आतापर्यंत मी त्याचंच वाक्य मराठीत म्हणून पुढे जात आले: "बूट कुठे आहेत? दाराजवळ बघ." त्याचं काम त्यातच भागतं, त्याला मराठी बोलावंच लागत नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र आजीला जर्मन येत नाही म्हटल्यावर "आजी, हे बघ, माझी गाडी" असं अडखळत का होईना बोलतो. म्हणजे शब्द आहेत.

बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या एका मोठ्या पाहणीत (२००७) एक पालक-एक भाषा पाळणाऱ्या घरांतली साधारण पाव मुलं दुसरी भाषा बोलत नव्हती, हे वाचलंय. त्यामुळे "बोलेल आपोआप" हे सांगू नका. जवळपास मराठी घर नाही, भारतात वर्षातून एकदाच जाणं होतं.

आता मी "काय म्हणालास?" असं विचारून मराठी उत्तराची वाट बघायच्या विचारात आहे. मला जर्मन येतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा नाटक चालणार नाही. हे कुणी याच वयात केलंय का? मूल चिडून गप्प बसू नये म्हणून कितपत ताणायचं, की त्याआधी नवऱ्यालाच जेवणाच्या टेबलावर मोडकंतोडकं मराठी बोलायला लावू?