बीटी कपाशी: दोन्ही बाजू

"बीटी कपाशी फसली का? अ‍ॅग्री कॉलेजात बोलायचंय."

अर्धवट फसली. अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला खरंच कमी झाल्या, म्हणून तर आमच्या बडोद्याकडच्या शेतकऱ्यांनीही ती उचलली, पण गुलाबी बोंडअळीने 2010 पर्यंत सौराष्ट्रात बीटीतल्या अळी मारणाऱ्या पहिल्या जीनला दाद देणं बंद केलं आणि पुढे दोन जीनवालं बियाणंही तिच्यापुढे टिकलं नाही. बीटीच्या 450 ग्रॅम पाकिटासोबत 120 ग्रॅम साधं बियाणं यायचं, बांधाकडेने लावायला, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, प्रतिकारक पतंगांशी त्यांच्या पतंगांचा संकर होतो आणि प्रतिकार हळू वाढतो. बहुतेकांनी ते लावलंच नाही, पण अळीला खायला रान कोण सोडेल हो? शंका घेणारे बरोबर ठरले ते इथेच. डोमकळ्या, म्हणजे गुलाबी अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसल्या तर आत अळी आहे का ते हिरवी बोंडं फोडून बघायला सांगा.