रुपया, तेलाचं पिंप आणि परदेशवारी

> "शाळेच्या अर्थशास्त्र मंडळात भाषण आहे. रुपया पडला की पेट्रोल आणि परदेशवारी महाग का होते, हे सोपं करून कसं सांगू?"

फळ्यावर एकच पिंप मांडा. त्यात 159 लिटर कच्चं तेल, भाव 80 डॉलर धरा. डॉलर 80 रुपयांना असेल तर पिंपाचे 6,400 रुपये, 88 झाला की 7,040. तेलाचा भाव जागचा हलला नाही, तरी लिटरमागे चार रुपये वाढले!

मग पंपावर दहा टक्के वाढ का दिसत नाही, असं कुणीतरी विचारेलच. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं, ते डॉलरबरोबर चढत नाही. परदेशातल्या हॉटेलच्या हजार डॉलरच्या बिलाला मात्र असा आडोसा नाही, 80,000चे थेट 88,000 होतात.