अँकीचं सिंक कॉलेजच्या फायरवॉलला धडकतंय: आयटीला अर्जात नेमकं काय मागायचं?

रात्रपाळी_एमबीबीएस
आमच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयातल्या वायफायवर अँकी सिंक होत नाही. फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं की लगेच होतं. गंमत म्हणजे ब्राउझरमध्ये ankiweb.net व्यवस्थित उघडतं, कारण मागच्या वर्षी एका सीनियरने अर्ज करून ते सुरू करून घेतलं होतं. आता मी लिहिलंय, "महोदय, अँकीचा सिंक सर्व्हर सुरू करून द्यावा, अभ्यासाचे नुकसान होत आहे." एवढं पुरेल का? रूममेट म्हणतो अर्जबिर्ज सोड, व्हीपीएन टाक.

खटपट्या
नाव देऊन काही होत नाही, आयटीवाल्यांना आयपी लागतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये `ping sync.ankiweb.net` मार, जो आकडा येईल तो अर्जात टाक. आणि ४४३ पोर्ट उघडा म्हणून लिही. दोन ओळींचं काम.

जाळेवाला
खटपट्या, पोर्ट बरोबर सांगितलास, पण ४४३ बंद असतं तर कॉलेजात एकही साइट उघडली नसती. ते उघडंच आहे, अडवलं जातंय ते नाव. आयपीचं म्हणशील तर तो आज एक, उद्या दुसरा. सर्व्हर हलवला की नियम मेला, आणि तो का मेला हे तेव्हा कोणालाच आठवत नाही. फायरवॉल सांभाळणं हाच माझा धंदा आहे. असे मेलेले आयपी मी दर दिवाळीला झाडून काढतो.

रात्रपाळी, तुझ्या सीनियरने मागितलं `ankiweb.net` आणि आयटीने अक्षरशः तेवढंच दिलं. वेबसाइट त्या नावावर आहे, सिंक `sync.ankiweb.net` वर. फायरवॉलच्या लेखी ही दोन वेगळी नावं.

आता खरी मेख. तू फक्त `sync.ankiweb.net` मागून घेतलंस तरी पुन्हा अडकशील. ते नाव म्हणजे नुसता दरवाजावरचा माणूस. तो तुझ्या खात्याला एखाद्या अंकवाल्या सर्व्हरकडे पाठवतो, म्हणजे sync आणि ankiweb यांच्या मध्ये एक आकडा असलेलं नाव. अँकी ते नाव लक्षात ठेवतं आणि पुढच्या खेपेला थेट तिकडेच जातं. शेजारच्या मुलाचा आकडा वेगळा असू शकतो. म्हणून मागायचं ते `*.ankiweb.net`. आणि `ankiweb.net` पुन्हा वेगळं लिही, कारण काही फायरवॉल तारा लावलेल्या नावात मूळ नाव धरत नाहीत.

शॉपफ्लोअर
आमच्या कारखान्यात सिंकथिंगसाठी हाच तमाशा झाला होता. आयटीकडून २२००० पोर्ट बाहेरून आत यायला उघडून घेतला, तेव्हा कुठे फायली हलायला लागल्या. तुम्हीही इनबाउंड मागा.

जाळेवाला
शॉपफ्लोअर, तुमच्याकडे दोन मशीन एकमेकांशी थेट बोलतात, म्हणून तुम्हाला ते लागलं. इथे लॅपटॉप स्वतःहून बाहेर जातो, बाहेरून कोणी आत येत नाही. अर्जात "इनबाउंड" हा शब्द दिसला की आयटीवाला फाइल बाजूला सरकवणार. मीही तेच करेन.

विभागातली_मॅडम
मी शिकवते, म्हणून दुसरी बाजू मांडते. तुम्ही सगळे पत्ता कसा मागायचा यावर बोलताय, मागावा का यावर कोणीच नाही. आमच्याकडे पोरं वॉर्डातल्या पेशंटच्या जखमांचे, एक्स-रेचे फोटो सरळ कार्डावर चिकटवतात. एका एक्स-रेवर कोपऱ्यात नाव आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. सिंक दाबलं की ते परदेशातल्या सर्व्हरवर. आयटीने "नाही" म्हटलं तर मला त्यात अडेलतट्टूपणा दिसत नाही.

खटपट्या
मॅडम, ते फोटो फोनच्या नेटवरून आत्ताही जातातच की. फायरवॉलने काय थांबतंय?

विभागातली_मॅडम
जातात, मान्य. पण ती त्यांची जबाबदारी असते. कॉलेजने परवानगी दिली की कॉलेजची होते.

जाळेवाला
मॅडमच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अँकीत मीडियाचं सिंक सेटिंगमधून बंद करता येतं, मग नुसता मजकूर जातो. पण ते प्रत्येकाने स्वतः करायचं, फायरवॉलला त्यातलं काही दिसत नाही.

रात्रपाळी, अर्जाआधी वायफायवर पॉवरशेलमध्ये हे चालव, आणि अँकीत येणारी चूक शब्दशः इथे टाक.

```
Test-NetConnection sync.ankiweb.net -Port 443
```

रात्रपाळी_एमबीबीएस
`TcpTestSucceeded : True` आलं. म्हणजे सुरू आहे ना? पण अँकीत मी लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं तर हे आलं:

```
error sending request for url (https://sync.ankiweb.net/sync/hostKey)
```

तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर आधी सर्टिफिकेटचा इशारा, आणि पुढे गेल्यावर कॉलेजचं "ही साइट प्रतिबंधित आहे" पान. त्यावर वर्गवारी लिहिली आहे, "फाइल स्टोरेज".

जाळेवाला
`True` वर भुलू नकोस. त्याचा अर्थ एवढाच, की दारावर टकटक ऐकू गेली. फायरवॉल आधी जोडणी होऊ देते, मग नाव वाचते आणि तोडते. तुझ्याकडे तेच झालंय. `True` ऐवजी `False` आलं असतं तर वेगळा शोध घ्यावा लागला असता.

सर्टिफिकेटचा इशारा फार कामाचा आहे. कॉलेजची फायरवॉल मधे बसून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करते, म्हणजे त्या पत्त्याची वाहतूक उलगडून बघते. नाव मोकळं केलं आणि उलगडणं चालूच ठेवलं, तर ब्राउझर चालेल पण अँकी ते सर्टिफिकेट बरेचदा मानणार नाही. मग तू म्हणणार "होत नाही", आयटी म्हणणार "आम्ही तर सुरू केलंय". म्हणून दोन्ही एकदमच माग. अर्ज असा कर:

> विषय: ग्रंथालय वायफायवर अँकी सिंकला परवानगी मिळण्याबाबत.
> लॅपटॉपवरून बाहेर जाणारी जोडणी, टीसीपी ४४३, फक्त `ankiweb.net` आणि `*.ankiweb.net` या नावांसाठी. बाहेरून आत काहीही उघडायचे नाही.
> सध्या `sync.ankiweb.net` "फाइल स्टोरेज" या वर्गवारीत अडते. अँकीतील त्रुटीचा संदेश, प्रतिबंधाच्या पानाचे चित्र, तारीख, वेळ आणि माझ्या लॅपटॉपचा वायफायवरील आयपी सोबत जोडला आहे.
> या नावांना सर्टिफिकेट तपासणीतूनही वगळावे. आयपीवर नियम करू नये, ते बदलतात.

वेळ आणि तुझा आयपी यांशिवाय त्यांना लॉगमध्ये तुझी ओळ सापडणार नाही. अर्जातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती.

खटपट्या
आणि हा अर्ज आवक-जावक रजिस्टरमध्ये महिनाभर झोपणार. तोवर परीक्षा संपेल. त्यापेक्षा स्वतःचा सिंक सर्व्हर घरच्या मशीनवर चालव, अँकीत ती सोय आहे.

जाळेवाला
आहे, आणि तो मुळात ८०८० वर बसतो. म्हणजे कॉलेजने कधीच न ऐकलेलं नाव आणि वर वेगळा पोर्ट. त्यासाठी याहून मोठा अर्ज लागेल. व्हीपीएनचं तर बोलूच नका, आमच्याकडे तो पकडला की आधी वायफाय बंद होतं आणि मग चौकशी.

विभागातली_मॅडम
अर्जात एक ओळ वाढवा: पेशंटची कोणतीही माहिती किंवा फोटो कार्डांवर ठेवणार नाही. ती असेल तर सही मी करते.

रात्रपाळी_एमबीबीएस
ओळ टाकली, आणि मीडिया सिंक बंद केलं. अर्ज दिला. आयटीच्या सरांनी वाचून विचारलं, "तारा नको, नेमकी नावं द्या." मी अंकवाल्या नावाचं सांगितलं तर म्हणाले, "मग तुमचा अंक सांगा." घरी अँकीच्या चुकीत तो दिसणारच नाही, कारण घरी चूक येतच नाही. आता काय करू?

जाळेवाला
घरी एकदा सिंक करून घे, म्हणजे अंक लक्षात राहील. लॉगआउट न करता वायफायवर ये आणि सिंक दाब. चुकीतल्या पत्त्यात आकडा येईल. तो दे, पण तुझ्या बॅचमधल्या बाकीच्यांचेही गोळा करून घेऊन जा. पाच-सहा वेगळे आकडे एकदम समोर आले की सर कदाचित स्वतःच तारा लावतील.