भंगारातल्या डेस्कटॉपच्या हार्ड डिस्क: वापराव्यात की नाही?

जुनाट_जीव: जुन्या डेस्कटॉपच्या डिस्क डॉकला लावून बॅकअपसाठी वापरा, असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आयुष्य संपलेल्या वस्तूवर आठवणी कशाला सोपवायच्या?

तबकडी: वय बघून डिस्क फेकणं म्हणजे निव्वळ नासाडी. आधी तपासा:

```
smartctl -d sat -a /dev/sdb
```

माझ्या १ टीबीच्या डिस्कवर 197 समोर, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरच्या नोंदीसमोर ८ आणि 5 समोर, म्हणजे खराब म्हणून बदललेल्या सेक्टरच्या नोंदीसमोर ० होतं. लाँग टेस्ट मध्येच रीड एररवर अडकली. वाचता आलं ते आधी दुसरीकडे उतरवलं, मग पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली. 197 शून्यावर आला, 5 वाढला नाही आणि पुन्हा घेतलेली टेस्ट शेवटपर्यंत गेली. म्हणजे जागा खराब नव्हती, त्यावरचं लिखाण अर्धवट राहिलं होतं. 5 वाढत राहिला असता तर मीही ती काढून टाकली असती.

सरळमार्गी: एवढा खटाटोप कशाला? वर PASSED आलं की झालं.

तबकडी: अजिबात नाही! त्या डिस्कवरही PASSED च होतं. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत ते तसंच राहतं. खालचे आकडे वाचा.

माईची_लेक: माझं वेगळंच झालंय. आईचे सगळे फोटो असलेली डिस्क डॉकला लावली, तर फॉरमॅट करा म्हणतंय. आतून कसलाच आवाज नाही. गेली का हो डिस्क?

जुनाट_जीव: हेच म्हणत होतो मी.

तबकडी: थांबा, काहीही फॉरमॅट करू नका! काही डॉक ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे म्हणून दाखवतात. मग पार्टिशनचे पत्ते चुकतात आणि डिस्क कोरी भासते. वरच्याच कमांडमध्ये sat च्या जागी scsi लिहा आणि Logical block size बघा, म्हणजे डॉक काय दाखवतोय ते कळेल. ती डिस्क एखाद्या डेस्कटॉपला थेट साटा केबलने जोडा.

सरळमार्गी: डॉकचा अडॅप्टरही बघा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात. ते नीट मिळाले नाहीत तर ती फिरणारच नाही.

तबकडी: हे मात्र बरोबर. आधी डिस्कवर हात ठेवा, फिरताना बारीक थरथर जाणवते.

माईची_लेक: थरथर आहे. Logical block size ४०९६ दाखवतंय. भावाच्या मशीनला थेट जोडली आणि सगळे फोल्डर दिसले! कॉपी लावलीय.

जुनाट_जीव: दिसले, चांगलं झालं. दोष डॉकचा होता, मान्य. पण उद्या मोटरच बसली तर तुमचे आकडे आधी सांगणार आहेत का?

तबकडी: नाही सांगणार. म्हणूनच माझ्याकडे ती दुसरी प्रत आहे, एकमेव नाही.

जुनाट_जीव: दुसऱ्या प्रतीपुरतं ठीक. तरी मी नवीनच घेणार.