मदत हवी आहे: आईची अँजिओग्राफी क्लिअर, तरी हृदय ३० टक्क्यांवर?

चिंतातुर_लेक
आई, वय ६६. मंगळवारी पहाटे छातीत दुखलं. ईसीजी खराब, लगेच अँजिओग्राफी. एकही ब्लॉकेज नाही! तरी म्हणतात पंपिंग ३० टक्के, आणि रक्त पातळ करायचं औषध दिलंय. ब्लॉकेज नसताना हे कशाला? अँजिओ उगाच केली का? लवकर सांगा, उद्या डिस्चार्ज आहे.

पुणेरी_काका
आमच्या मेहुण्याला दोन स्टेंट पडले. बिल आधी तपासून घ्या.

चिंतातुर_लेक
काका, स्टेंट टाकलेलाच नाही.

डॉ_सह्याद्री
निदान काय लिहिलंय? एकोत हृदयाचं टोक फुगलेलं होतं का? आणि आदल्या दिवशी काही झालं होतं?

चिंतातुर_लेक
'टाकोत्सुबो' लिहिलंय. 'एपिकल बलूनिंग' असंही. मावशी रविवारी गेली. सांगायचं राहिलं.

डॉ_सह्याद्री
हे राहिलेलंच महत्त्वाचं होतं. जपानी कोळी ऑक्टोपस धरायला टाकोत्सुबो नावाचं मडकं वापरतात, तोंड अरुंद, बूड गोल. १९९० मध्ये हिरोशिमाच्या डॉक्टरांना अशा रुग्णांच्या हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावताना तसाच दिसला, म्हणून हे नाव. तोंडाकडचा भाग नेहमीपेक्षा जोरात आवळतो आणि टोक निपचित पडतं. मोठ्या धक्क्यात अ‍ॅड्रेनलिन आणि त्याचं भावंड नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तात एकदम उसळतं. टोकाकडे अ‍ॅड्रेनलिन झेलणाऱ्या खिट्ट्या जास्त असतात असं मानतात. थोड्या अ‍ॅड्रेनलिनने स्नायू जोर लावतो. फार झालं की त्याच खिट्टीतून उलटा निरोप जातो: थांब. काहींच्या मते हे स्नायूला जळण्यापासून वाचवण्यासाठीच असावं. टोकाची पेशी मेलेली नसते, दमून गप्प बसलेली असते, म्हणून बहुतेकांचं पंपिंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुधारतं.

आणि ३० म्हणजे ७० टक्के हृदय गेलं असं नाही. हृदय एका ठोक्यात आतलं किती रक्त बाहेर फेकतं त्याचा तो आकडा, धडधाकट माणसाचाही साठच्या आसपासच असतो.

चिंतातुर_लेक
मग अँजिओ कशाला?

डॉ_सह्याद्री
कारण पहिल्या तासात ईसीजी हार्ट अटॅकसारखाच दिसतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं ट्रोपोनिनही वाढतं, पण एकोत जेवढा भाग बंद दिसतो त्या मानाने कमी. हा फरक नंतर जाणवतो, तोवर थांबून चालत नाही. रक्त पातळ करण्याचं कारण वेगळं: निपचित टोकात रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा. टोक पुन्हा हलू लागेपर्यंत ते बहुधा ठेवतात. पुढचा एको कधी आहे?

मनस्वी७२
मलाही झालं होतं! छातीत धडधड, हात थरथरले. प्राणायामाने दोन दिवसांत बरं.

रानवारा
ताई, तुमचा एको झाला होता का? ते घाबरणं असेल. हे तसं नाही, यात पहिल्या दिवसांत माणूस दगावूही शकतो.

मनस्वी७२
एको नाही केला. पण धडधड तीच.

औषधवाला_नाना
अ‍ॅड्रेनलिनमुळे झालं ना? मग त्याला अडवणारं बीटा ब्लॉकर जन्मभर. साधा हिशोब. माझ्या दुकानातून कित्येक जण नेतात.

डॉ_सह्याद्री
नाना, हिशोब पटण्यासारखा आहे, पण आकडे साथ देत नाहीत. बीटा ब्लॉकर चालू असतानाच हे झालेले रुग्ण आहेत, आणि मोठ्या नोंदींमध्ये पहिल्या वर्षात त्याने जीव वाचल्याचं दिसलं नाही. एसीई इन्हिबिटर ही बीपीची औषधं घेणाऱ्यांचं मात्र बरं दिसलं. तरी त्या नोंदीच, चाचणी नव्हे.

औषधवाला_नाना
मग सगळे कार्डिओलॉजिस्ट लिहितात ते मूर्ख का?

डॉ_सह्याद्री
नाहीत. धडधड, बीपी अशी वेगळी कारणंही असतात.

गावठी_उपाय
अर्जुनाच्या सालीचा काढा. रोज सकाळी.

रानवारा
रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, आधी डॉक्टरांना विचारा.

चिंतातुर_लेक
एक राहिलं. सोमवारी रात्री आईला दम लागला होता, दमा जुना आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तीनदा वाफ दिली, साल्ब्युटामॉलची. मी तर मावशीचं दुःखच कारण धरून बसले होते.

डॉ_सह्याद्री
हे वॉर्डात सांगितलंय? साल्ब्युटामॉल अ‍ॅड्रेनलिनच्याच खिट्टीवर बसतं, आणि दम्याचा जोरदार अटॅक हाही शरीराला धक्काच. नुसत्या दुःखाने झालेल्यांपेक्षा शारीरिक धक्क्याने झालेल्यांचं पुढे जरा जड जातं. पण एक शंका: आधी दम लागला की आधी छातीत जड वाटलं? हृदय कमजोर झालं की फुफ्फुसात पाणी येऊनही दम लागतो आणि तो दम्यासारखाच वाटतो.

चिंतातुर_लेक
आईला विचारलं. म्हणते, 'दोन्ही एकदमच.' बाबा म्हणतात दम आधी.

औषधवाला_नाना
दम्याचा पंप बंद करा मग.

डॉ_सह्याद्री
नाना! ताई, पंप स्वतःहून मुळीच बंद करू नका. दमा बिघडला तर पुन्हा तोच धक्का. डिस्चार्जआधी हृदयाच्या आणि छातीच्या डॉक्टरांना एकत्र विचारा की दम लागला तर घरी काय आणि किती द्यायचं. ते कागदावर लिहून घ्या.

चिंतातुर_लेक
आत्ताच विचारून आले. एको महिन्याने. पंपाचं छातीवाले डॉक्टर सकाळी येऊन सांगतील. परवा मावशीचा पाचवा, आईला जायचंय. नेऊ का?

पुणेरी_काका
बिल तपासलंत का?