मदत हवी आहे: कोरियन साहेबांना बढतीच्या शुभेच्छा कशा लिहू?

चाकणकर: आमच्या विभागातले किम छाजांग आता बुजांग झाले. शुक्रवारी यादी लागली, लागू एक तारखेपासून. तीन वर्षं त्यांनी मला हाताला धरून शिकवलंय, म्हणून कोरियनमध्येच लिहायचंय. मी लिहिलंय, "किम शी, चुखाहेयो! सुगोहास्योस्सुम्निदा." पाठवू का?

मेघना_नाशिक: छान आहे की. 'शी' म्हणजे आपलं 'जी'. फक्त 'हेयो'च्या जागी 'हाम्निदा' करा, जास्त औपचारिक वाटेल.

सोलमधली_वहिनी: थांबा, पाठवू नका! 'शी' म्हणजे 'जी' नव्हे. बरोबरीच्याला किंवा हाताखालच्याला पूर्ण नावापुढे 'शी' चालतं. वरिष्ठाला, तेही नुसत्या आडनावापुढे, 'किम शी' म्हणजे आपण साहेबांना 'अहो पाटील' म्हणून हाक मारण्यासारखं. हुद्द्यापुढे 'निम' लावा, म्हणजे 'बुजांगनिम'. समोरासमोर आडनावही लागत नाही. 'सुगोहास्योस्सुम्निदा'सुद्धा काढा. 'कष्ट घेतलेत' हे वरच्याने खालच्याला म्हणायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं.

मी असं लिहिलं असतं: "बुजांगनिम, सुंगजिनहाशिन गॉत चिन्शिमुरो चुखादुरिम्निदा. आपुरोदो चाल बुताकदुरिम्निदा." म्हणजे तुमच्या बढतीबद्दल मनापासून अभिनंदन, यापुढेही असाच लोभ असावा.

यात आदर दोन ठिकाणी आहे. 'हाशिन'मधला 'शि' त्यांच्या क्रियेला वर नेतो, कारण बढती त्यांना मिळाली. 'दुरिम्निदा'मधला 'दुरी' तुमच्या क्रियेला नम्र करतो, कारण अभिनंदन तुम्ही करताय. यांची अदलाबदल करू नका. जास्त आदर दाखवायचा म्हणून कुणी 'चुखाहाशिम्निदा' म्हणतं. ते मराठीत 'मी आलात' म्हटल्यासारखं होतं.

मेघना_नाशिक: अरे बापरे, मी तर आमच्या साहेबांना कायम 'शी' म्हणत आले! पण 'चुखाहाम्निदा' तरी चालतं ना?

सोलमधली_वहिनी: चूक नाही. पण ऑफिसात वरिष्ठाला 'दुरिम्निदा'च जास्त ऐकू येतं.

रांजणगावचा_बंडू: माझ्या हाताखालचा कोरियन मुलगा बढती मिळून 'देरी' या हुद्द्यावर गेलाय. त्यालाही हेच लिहू? आणि ऑर्किडची कुंडी द्यावी लागते का?

सोलमधली_वहिनी: त्याला 'देरीनिम, चुखाहेयो' पुरे. कुंडी शक्यतो मोठ्या हुद्द्याला, फितीवर 'चुक सुंगजिन' लिहून देतात.

चाकणकर: वहिनी, खूप आभार. उच्चाराचं काय? लिहिताना 'चुक' आणि 'हा' दिसतं.

सोलमधली_वहिनी: दोन्ही मिळून 'ख' होतो, 'चुखा'. आणि 'दुरिप'चा 'प' पुढच्या 'नि'मुळे 'म' होतो.

चाकणकर: एक राहिलं. एक तारखेआधी 'बुजांगनिम' म्हणू की 'छाजांगनिम'च?

सोलमधली_वहिनी: आमच्याकडे यादी लागली त्याच दिवसापासून नवा हुद्दा. शुभेच्छेत तर तोच बरा वाटतो.

रांजणगावचा_बंडू: आमच्याकडे एक तारखेपर्यंत सगळे जुनाच म्हणत होते.

चाकणकर: मग उद्या आमच्या देरीला विचारतो, मग पाठवतो.