मदत हवी आहे: चे-वाय आणि चे-झेड म्युटंट, दोघेही प्लेटवर पसरत का नाहीत?

एमएस्सी मायक्रोला आहे, ई. कोलायच्या केमोटॅक्सिसवर अडकलोय. मला समजलंय ते असं: सेरीन नसताना रिसेप्टर चे-ए या कायनेजला चालू ठेवतो, चे-ए एटीपी वापरून स्वतःच्या हिस्टिडीनवर फॉस्फेट लावतो, मग चे-वाय तो स्वतःच्या अस्पार्टेट ५७ वर उचलतो आणि सुटून मोटरच्या फ्लाय-एमला जाऊन चिकटतो, मोटर घड्याळाच्या दिशेने फिरते आणि बॅक्टेरिया गिरकी खातो. सेरीन आलं की कायनेज बंद, म्हणजे सरळ पोहणं. (मी आधी नेमकं उलटं पाठ केलं होतं, लायगँड म्हणजे कायनेज ऑन, व्हायवात वाट लागली.)

आता गोची अशी की चे-झेड हा फॉस्फेट काढणारा, तो नसेल तर चे-वायवरचा फॉस्फेट आपोआप जायला वीसेक सेकंद लागतात, म्हणून ते म्युटंट सतत गिरक्या खातात आणि पसरत नाहीत, हे पटतं. पण चे-वाय नसलेले तर गिरकी न खाता सरळच पळतात ना, मग ०.३ टक्के अगरमध्ये त्यांचीही रिंग एवढुशीच का? अगरच्या जाळीत बोळाच्या टोकाला अडकतात आणि गिरकीशिवाय मागे वळता येत नाही, असं तर नाही?

आणि लेबलं पुसली गेलीत, तर मायक्रोस्कोपखाली सरळ पोहणारे चे-वायवाले, जागच्या जागी थरथरणारे चे-झेडवाले, इतक्यावर ओळखलं तर चालेल का, की चे-ए नसलेलेही असेच सरळ पोहतात म्हणून प्लास्मिडवरून जीन परत घालून बघावंच लागेल?